पुरवठादाराची थकबाकी आणि इनपुट टॅक्स क्रेडिटचे रिव्हर्सल

पुरवठादाराच्या थकबाकीमुळे होणारे इनपुट टॅक्स क्रेडिटचे रिव्हर्सल ही भारतातील वस्तू व सेवा कर कायद्यातील एक तरतूद आहे. नोंदणीकृत खरेदीदाराने पुरवठादाराच्या बीजकाची रक्कम, त्यावरील करासह, बीजकाच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत चुकती केली नाही, तर त्या बीजकावर घेतलेले क्रेडिट त्याला व्याजासह परत करावे लागते. पुढे पुरवठादाराला पैसे दिल्यावर तेच क्रेडिट पुन्हा घेता येते. भरलेले व्याज मात्र परत मिळत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १६(२) चे दुसरे व तिसरे परंतुक आणि केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमांतील नियम ३७ यांत ही तरतूद आहे. महाराष्ट्राच्या राज्य कायद्यातही तिला समांतर तरतूद असल्याने राज्यांतर्गत खरेदीवरील केंद्रीय व राज्य अशा दोन्ही करांना ती सारखीच लागू होते.

हंगामी उधारीवर चालणाऱ्या बाजारपेठांत या तरतुदीचा प्रत्यय विशेष येतो. बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे चिखलीहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्यात सोयाबीन व कापूस ही खरिपाची प्रमुख पिके असून खते, बियाणे व कीटकनाशके विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रांचा व्यवहार या पिकांच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. दुकानदार जून-जुलैत माल भरतो आणि शेतकऱ्याला उधारीवर देतो. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास हाती येतात, कापसाचे त्याहून उशिरा, कधी संक्रांतीनंतरही. जुलैच्या बीजकाची १८० दिवसांची मुदत याच काळात, डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीत, संपते. या लेखातील उदाहरण अशाच एका कल्पित दुकानाचे आहे.

## पार्श्वभूमी

वस्तू व सेवा कर प्रत्येक विक्रीवर आकारला जातो. पण खरेदीच्या वेळी भरलेला कर विक्रीवरील करातून वजा करण्याची मुभा असल्याने प्रत्यक्ष भार केवळ मूल्यवृद्धीवर पडतो. या वजावटीला इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. क्रेडिट घेण्यासाठी बीजक हाती असणे, माल किंवा सेवा मिळालेली असणे, पुरवठादाराने कर शासनाकडे भरलेला असणे आणि स्वतःचे विवरणपत्र दाखल केलेले असणे या प्रमुख अटी आहेत. पुरवठादाराला पैसे दिलेले असणे ही क्रेडिट *घेण्याची* अट नाही. उधारीवर आणलेल्या मालाचे क्रेडिट त्याच महिन्यात घेता येते. ते *टिकवण्यासाठी* मात्र १८० दिवसांत पैसे द्यावे लागतात. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे अनेकांचा समज होतो की उधारीच्या मालावर क्रेडिट मुळीच मिळत नाही, किंवा एकदा मिळाले की ते कायमचे आपले झाले. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

जुन्या अप्रत्यक्ष करव्यवस्थेत या तरतुदीचे मूळ सापडते. सेनव्हॅट क्रेडिट नियम, २००४ नुसार सेवेच्या बीजकाचे पैसे तीन महिन्यांत दिले नाहीत तर त्यावरील क्रेडिटइतकी रक्कम भरावी लागत असे. वस्तूंच्या खरेदीला ही अट नव्हती. २०१७ मध्ये नवा कायदा आला तेव्हा मुदत वाढून १८० दिवस झाली, पण वस्तू आणि सेवा या दोन्ही तिच्या कक्षेत आल्या. त्यामुळे पूर्वी केवळ सेवा क्षेत्राला ठाऊक असलेला हा नियम किराणा, लोखंड, औषधे, कृषी निविष्ठा अशा सर्व व्यापारांच्या दारात येऊन पोहोचला.

या अटीमागील हेतू दुहेरी आहे. केवळ कागदोपत्री बीजक फिरवून, माल किंवा पैसा प्रत्यक्षात न हलवता क्रेडिट उचलणाऱ्यांना तिने आळा बसतो, कारण खोट्या व्यवहारात पैसे देण्याची वेळ सहसा येतच नाही. दुसरे असे की, खरेदीदाराने जो कर स्वतः कोणालाही दिलेला नाही, त्याची वजावट त्याने अनिश्चित काळ वापरू नये.

## कायद्याचा मजकूर आणि त्यातील बदल

मूळ परंतुकात, पैसे न दिल्यास क्रेडिटइतकी रक्कम खरेदीदाराच्या ‘विक्रीवरील करदायित्वात मिळवली जाईल’ अशी शब्दरचना होती. तेव्हाची कल्पना अशी होती की खरेदीदार आपली थकबाकी GSTR-2 या विवरणपत्रात कळवील आणि पुढची बेरीज यंत्रणेतून होईल. परंतु GSTR-2 सुरुवातीच्या काही महिन्यांतच स्थगित झाले आणि पुन्हा कधी सुरू झाले नाही. परिणामी, नियम लागू पण तो पाळण्याची जागाच नाही, अशी चमत्कारिक स्थिती काही वर्षे राहिली.

ही विसंगती टप्प्याटप्प्याने दूर झाली. १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम ३७ नव्याने लिहिला गेला आणि रिव्हर्सल GSTR-3B मध्येच करावे असे ठरले. त्या नव्या मसुद्यात अंशतः पैसे दिले असतील तर काय, याविषयी संदिग्धता राहिली होती. डिसेंबर २०२२ मधील अधिसूचनेने ‘न दिलेल्या रकमेच्या प्रमाणात’ असे शब्द पूर्वलक्षी प्रभावाने घालून ती मिटवली. वित्त अधिनियम, २०२३ ने मूळ परंतुकही बदलले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती रक्कम खरेदीदाराने ‘कलम ५० खालील व्याजासह भरावी’ असे स्पष्ट शब्द आले.

## मुदतीची गणना

१८० दिवस मोजायचे ते पुरवठादाराने बीजक काढल्याच्या तारखेपासून. माल पोहोचल्याची तारीख, बीजक हाती पडल्याची तारीख, किंवा दोघांत ठरलेली उधारीची मुदत यांपैकी काहीही येथे विचारात घेतले जात नाही. पुरवठादाराने लेखी दोनशे दिवसांची सवलत दिली असली, तरी कायद्याचे १८० दिवस वाढत नाहीत. ‘सहा महिने’ असा ढोबळ हिशोबही धोक्याचा ठरतो, कारण सहा महिन्यांचे दिवस बहुधा १८१ ते १८४ भरतात. ४ जुलैच्या बीजकाची मुदत ४ जानेवारीला नव्हे, तर ३१ डिसेंबरला संपते.

मुदत संपल्यानंतरच्या ‘लगतच्या करकालावधीच्या’ विवरणपत्रात रिव्हर्सल करायचे असते. मासिक विवरणपत्र भरणाऱ्यासाठी करकालावधी म्हणजे महिना. त्रैमासिक योजनेतील लहान करदात्यासाठी तो तिमाहीचा असतो. मुदत महिन्याच्या मध्यावर संपली, तर लगतचा कालावधी म्हणजे तोच महिना की पुढचा, असा प्रश्न निघतो. शब्दशः वाचता पुढचा महिना निघतो. तरीही बरेच सल्लागार सावधगिरी म्हणून त्याच महिन्याच्या विवरणपत्रात नोंद करायला सांगतात.

## उदाहरण

देऊळगाव राजा येथील एका कल्पित कृषी सेवा केंद्राने जालन्याच्या घाऊक विक्रेत्याकडून ४ जुलै २०२३ च्या बीजकाने कीटकनाशके खरेदी केली. मालाची किंमत ५,००,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के दराने कर ९०,००० रुपये, असे एकूण बीजक ५,९०,००० रुपयांचे झाले. विक्रेता व खरेदीदार दोघेही महाराष्ट्रातील असल्याने कर केंद्रीय ४५,००० व राज्य ४५,००० असा विभागला गेला. दुकानदाराने जुलैचे विवरणपत्र २० ऑगस्ट २०२३ रोजी भरताना पूर्ण ९०,००० रुपयांचे क्रेडिट घेतले आणि ते विक्रीवरील करासाठी लगेच वापरूनही टाकले.

सोयाबीन निघाल्यावर, ऑक्टोबरमध्ये, त्याने घाऊक विक्रेत्याला २,००,००० रुपये दिले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी १,५४,००० रुपये गेले. ३१ डिसेंबर २०२३ रोजी १८० दिवस पूर्ण झाले, तेव्हा ३,५४,००० रुपये दिलेले आणि २,३६,००० रुपये बाकी होते. ही बाकी बीजकाच्या एकूण रकमेच्या ४० टक्के आहे. म्हणून उलटवायचे क्रेडिटही ९०,००० रुपयांच्या ४० टक्के, म्हणजे ३६,००० रुपये झाले. त्यात १८,००० केंद्रीय व १८,००० राज्य कराचे.

येथे एक चूक हमखास होते. काही दुकानदार असे समजतात की दिलेल्या ३,५४,००० रुपयांत आधी कराचे ९०,००० रुपये चुकते झाले, आता केवळ मालाची किंमत बाकी आहे, म्हणून क्रेडिट सुरक्षित आहे. नियमातील ‘प्रमाणात’ या शब्दाने हा युक्तिवाद बंद केला आहे. दिलेला प्रत्येक रुपया किंमत व कर यांत बीजकाच्याच प्रमाणात विभागला जातो.

मुदत डिसेंबरअखेर संपल्यामुळे लगतचा करकालावधी जानेवारी २०२४ हा ठरला आणि त्याचे विवरणपत्र २० फेब्रुवारी २०२४ पर्यंत भरायचे होते. त्या विवरणपत्रातील तक्ता 4(B)(2) मध्ये ३६,००० रुपयांची नोंद करायची. हा तक्ता पुढे परत घेता येण्याजोग्या रिव्हर्सलसाठी आहे. शेजारचा 4(B)(1) हा कायमच्या रिव्हर्सलचा आहे, आणि घाईत तेथे नोंद झाल्यास पुढे ती रक्कम परत घेताना अडचण येते.

व्याज कलम ५० नुसार दरसाल १८ टक्के. क्रेडिट वापरल्याच्या २० ऑगस्ट २०२३ या तारखेपासून रिव्हर्सलच्या २० फेब्रुवारी २०२४ पर्यंत १८४ दिवस होतात.

```
३६,००० × १८/१०० × १८४/३६५ = ३,२६६.६३
```

म्हणजे सुमारे ३,२६७ रुपये. ही रक्कम विवरणपत्राच्या तक्ता 5.1 मध्ये दाखवावी लागते आणि ती रोख खात्यातूनच भरावी लागते. खात्यात कितीही क्रेडिट शिल्लक असले तरी व्याजासाठी ते चालत नाही.

कापसाची उधारी वसूल झाल्यावर, ११ मार्च २०२४ रोजी, दुकानदाराने उरलेले २,३६,००० रुपये चुकते केले. मार्चच्या विवरणपत्रात, २० एप्रिल २०२४ रोजी, त्याने ३६,००० रुपयांचे क्रेडिट पुन्हा घेतले. ही रक्कम तक्ता 4(A)(5) मध्ये इतर क्रेडिटबरोबर मिळवायची आणि 4(D)(1) मध्ये स्वतंत्रपणे दाखवायची असते. ऑगस्ट २०२३ पासून पोर्टलवर अशा उलटवलेल्या व परत घेतलेल्या क्रेडिटचे स्वतंत्र विवरण ठेवले जाते. उलटवलेल्याहून अधिक रक्कम परत घेऊ पाहिल्यास तेथे इशारा मिळतो.

दुकानदाराचा निव्वळ तोटा म्हणजे ३,२६७ रुपये व्याज आणि दोन महिने अडकून पडलेले ३६,००० रुपये. लाखांच्या उलाढालीत ही रक्कम मोठी वाटत नाही. पण अशी बीजके हंगामात दहा-बारा असतात, आणि कृषी निविष्ठांच्या विक्रीतील नफ्याचे प्रमाण पाहता एवढे व्याज त्या मालावरील नफ्याचा बराच भाग खाऊ शकते.

## व्याज कधीपासून

उदाहरणात व्याज क्रेडिट वापरल्याच्या तारखेपासून मोजले आहे. परंतु हा मुद्दा वादातीत नाही. ऑक्टोबर २०२२ पूर्वीच्या नियम ३७ मध्ये एक स्वतंत्र पोटनियम होता. त्यानुसार व्याज क्रेडिट *घेतल्याच्या* तारखेपासून लागत असे, मग ते वापरलेले असो वा नसो. नव्या नियमात हा पोटनियम गाळला गेला आणि केवळ ‘कलम ५० खालील व्याज’ असा उल्लेख राहिला.

कलम ५०(३), वित्त अधिनियम, २०२२ ने २०१७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलल्यानंतर, ‘चुकीने घेतलेल्या आणि वापरलेल्या’ क्रेडिटवर व्याज आकारते. क्रेडिट कधी वापरले गेले हे ठरवण्याची रीत नियम ८८बी मध्ये आहे: इलेक्ट्रॉनिक क्रेडिट खात्यातील शिल्लक त्या रकमेच्या खाली जाईल, तेव्हा व तेवढ्यापुरते ते वापरले असे धरायचे. यावरून करदात्यांच्या बाजूने असे म्हटले जाते की, ज्याच्या खात्यात ३६,००० रुपयांहून अधिक क्रेडिट सतत शिल्लक होते, त्याला व्याज लागूच नये. काहींचा युक्तिवाद याही पुढे जातो. ते म्हणतात, जे क्रेडिट घेतले तेव्हा पूर्णपणे वैध होते, त्याला ‘चुकीने घेतलेले’ म्हणता येत नाही, म्हणून व्याज लागलेच तर १८० दिवस उलटल्यानंतरचे लागावे.

याच्या विरुद्ध बाजू अशी की, परंतुकानेच व्याज भरावे असे स्पष्ट म्हटले आहे. ते शून्य ठरेल असा अर्थ लावल्यास परंतुकातील शब्द निरर्थक होतात. नियमकर्त्यांनी जुना पोटनियम गाळताना त्याच्या जागी आरंभाची तारीख लिहिली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता. व्यवहारात, खात्यात पुरेशी शिल्लक होती हे दाखवणारा उतारा जपून ठेवणे आणि ती नसल्यास वापराच्या तारखेपासून व्याज भरून मोकळे होणे, हाच मार्ग बहुतेक जण धरतात.

## कोणत्या खरेदीला लागू नाही

ज्या खरेदीवर कर भरण्याची जबाबदारी खरेदीदारावरच असते, म्हणजे ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, ती या तरतुदीतून पूर्णपणे वगळली आहे. देऊळगाव राजासारख्या भागात याचे ठळक उदाहरण कापसाचे आहे. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला किंवा जिनिंग कारखान्याला, नोव्हेंबर २०१७ पासून, त्यावरील ५ टक्के कर स्वतः भरावा लागतो. शेतकऱ्याचे पैसे १८० दिवसांहून अधिक रखडले, तरी त्या कराचे क्रेडिट नियम ३७ खाली उलटवावे लागत नाही, कारण तो कर खरेदीदाराने शासनाला रोखीने आधीच दिलेला असतो. तोच कापूस नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून, त्याने कर आकारलेल्या बीजकाने घेतला, तर मात्र १८० दिवसांचा नियम लागू होतो. म्हणजे एकाच गोदामातील कापसाच्या दोन ढिगांना दोन वेगळे नियम लागतात. तर्क समजण्याजोगा आहे. पण ज्याचे पैसे थकले तो शेतकरी असेल तर या तरतुदीचा त्याला काडीचाही उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

पेरणीच्या बियाण्यांवर कर नसल्याने त्यांच्या थकबाकीत उलटवण्यासारखे काही नसते. एकाच पुरवठादाराकडून बियाणे व कीटकनाशके दोन्ही घेतली असतील, तर थकबाकी नेमकी कोणत्या बीजकाची हे पाहूनच हिशोब करावा लागतो. याशिवाय, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील मोबदल्याशिवायचे पुरवठे, उदाहरणार्थ एकाच संस्थेच्या दोन नोंदणीकृत शाखांमधील मालाची ने-आण, यांत पैसे दिले गेले असे मानले जाते.

नियम ३७ए हा नावाने जवळचा, पण वेगळा नियम आहे. त्यात दोष पुरवठादाराचा असतो: त्याने आपले GSTR-3B भरले नाही, तर खरेदीदाराला क्रेडिट उलटवावे लागते. नियम ३७ मध्ये पुरवठादाराने सर्व काही वेळेवर केलेले असते, चूक पैसे न देणाऱ्याची असते.

## ‘पैसे दिले’ म्हणजे काय

धनादेश, बँक हस्तांतर किंवा रोख यांखेरीज अन्य मार्गाने केलेली फेड चालते का, हा प्रश्न वारंवार येतो. दोन व्यापारी एकमेकांकडून खरेदीही करतात आणि एकमेकांना विकतातही, तेव्हा देणे-घेणे वहीतच वळते केले जाते. पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०१९ मध्ये सेन्को गोल्डच्या प्रकरणात अशी वहीतील वळती फेड म्हणून मान्य केली. अग्रिम निर्णय कायद्याने केवळ अर्जदार व त्याच्या अधिकाऱ्यांवरच बंधनकारक असतो, तरी त्यातील विचाराचा आधार इतरत्र घेतला जातो.

न खपलेला माल परत केला आणि पुरवठादाराने करासह जमापत्र दिले, तर बीजकाची रक्कमच तेवढी घटते आणि त्या भागाचे क्रेडिट जमापत्रामुळे वेगळे कमी होते; त्याला थकबाकी म्हणत नाहीत. कृषी निविष्ठांच्या धंद्यात हंगामअखेर मिळणाऱ्या सवलतीचे जमापत्र बहुधा कराशिवाय, केवळ व्यापारी स्वरूपाचे असते. अशा जमापत्रामुळे खरेदीदाराने क्रेडिट उलटवण्याची गरज नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले.

## थकबाकी ओळखण्यातील अडचणी

पोर्टलवर बीजक दिसते, पण त्याचे पैसे दिले की नाही हे कोठेही दिसत नाही. GSTR-2B मध्ये याविषयी एक अक्षर नसते. त्यामुळे ही तरतूद पाळण्याचा एकमेव आधार म्हणजे दुकानदाराची स्वतःची हिशोबवही.

अडचण तेथेच आहे. लहान बाजारपेठेत पैसे बीजकनिहाय दिले जात नाहीत. ‘खात्यावर पन्नास हजार जमा’ अशी पद्धत असते. पुरवठादाराच्या खात्यात वर्षभर काही ना काही बाकी राहते. बाकीचा आकडा पाहून कोणते बीजक १८० दिवसांपलीकडे गेले हे कळत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कलमे ५९ ते ६१ येथे उपयोगी पडतात. देणेकऱ्याने रक्कम कोणत्या ऋणापोटी दिली हे सांगितले, तर ती त्याच ऋणात धरायची. त्याने न सांगितल्यास घेणेकरी ती आपल्या मर्जीने लावू शकतो. दोघांनीही काही ठरवले नसेल, तर काळाच्या क्रमाने आधीचे ऋण आधी फिटते.

वरील दुकानदाराचेच पाहू. जुलैच्या बीजकाआधी त्याच्याकडे मेमधील १,००,००० रुपयांचे एक बीजक बाकी असते आणि ऑक्टोबरचे २,००,००० रुपये त्याने काही न सांगता ‘खात्यावर’ भरले असते, तर त्यातील पहिले १,००,००० मेच्या बीजकात गेले असते. मग डिसेंबरअखेर जुलैच्या बीजकाची बाकी २,३६,००० नव्हे, ३,३६,००० ठरली असती. त्याउलट, त्याने ते जुलैच्या बीजकापोटी असे लिहून दिले असते, तर मेचे बीजक मुदतीबाहेर गेले असते. दोन्हींचा हिशोब मांडल्यावर जुने बीजक आधी फेडणे बहुधा फायद्याचे ठरते, कारण नव्या बीजकाला अजून दिवस शिल्लक असतात. ज्याच्या संगणकावर हिशोब असतो, त्याने प्रत्येक भरण्याला बीजक क्रमांक जोडल्यास १५० दिवसांवरील बीजकांची यादी दर महिन्याला काढता येते. यादी १८० नव्हे, १५० दिवसांची काढायची, म्हणजे जमवाजमवीला महिना मिळतो.

मुदत उलटल्यावर, पण विवरणपत्र भरण्याआधी पैसे दिले तर काय, हाही प्रश्न वारंवार निघतो. उदाहरणातील दुकानदाराने ११ मार्चऐवजी १५ जानेवारीलाच बाकी फेडली असती, तरी १८० दिवस ३१ डिसेंबरलाच संपले होते. परंतुकाच्या शब्दांप्रमाणे चूक घडून गेलेली असते. अशा वेळी जानेवारीच्या एकाच विवरणपत्रात क्रेडिट उलटवणे व परत घेणे या दोन्ही नोंदी करता येतात. प्रश्न उरतो तो व्याजाचा.

कर अधिकारी ही चूक सहसा लेखापरीक्षणात पकडतात. ताळेबंदातील घेणेकऱ्यांची यादी, वर्षअखेरच्या बाकी आणि वार्षिक विवरणपत्र GSTR-9 च्या तक्ता 7A मधील नियम ३७ खालचा आकडा यांचा मेळ घातला जातो. घेणेकऱ्यांत जुन्या मोठ्या रकमा असून तक्ता 7A मध्ये शून्य असेल, तर विचारणा ठरलेली. तोपर्यंत पुरवठादाराचे पैसे दिले गेले असतील तर मूळ क्रेडिट पुन्हा मिळण्याजोगे झालेले असते, आणि वाद बहुधा व्याजापुरता उरतो.

## पुन्हा क्रेडिट घेण्याची मुदत

क्रेडिट प्रथम घेण्यासाठी कलम १६(४) मध्ये कालमर्यादा आहे: संबंधित आर्थिक वर्षानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांतील जी आधी असेल ती. नियम ३७ खाली उलटवलेले क्रेडिट परत घेताना ही मर्यादा लागू नाही, असे नियम ३७(४) स्पष्टपणे सांगतो. पुरवठादाराला चार वर्षांनी पैसे दिले, तरी क्रेडिट त्यावेळी परत घेता येते. ही सवलत उलटवलेल्या क्रेडिटपुरतीच आहे. ज्याने मुळात वेळेत क्रेडिट घेतलेच नव्हते, त्याला थकबाकीचे कारण सांगून ती मिळत नाही. म्हणून, ‘पैसे देऊ तेव्हाच क्रेडिट घेऊ’ असा सावध विचार करून थांबणारा दुकानदार ते कायमचे गमावू शकतो. आधी घेऊन, नंतर उलटवून, पुन्हा घेणाऱ्याचे मात्र सुरक्षित राहते.

## पुरवठादाराची स्थिती

या तरतुदीची सर्वाधिक टीका पुरवठादाराच्या बाजूने होते. जालन्याच्या घाऊक विक्रेत्याने बीजक काढले त्याच महिन्याच्या हिशोबात ९०,००० रुपये कर दाखवला. पैसे आले नाहीत म्हणून त्याची सुटका झाली नाही. दुकानदाराने ३६,००० रुपये उलटवल्यावर त्या भागापुरता कर शासनाकडे दोनदा जमा होतो: एकदा विक्रेत्याकडून, दुसऱ्यांदा खरेदीदाराकडून. पैसे दिले गेले की हा दुहेरीपणा संपतो. परंतु दुकान बंद पडले, उधारी बुडीत गेली, तर तो कायम राहतो. भारताच्या कायद्यात बुडीत रकमेवरील कर विक्रेत्याला परत मिळण्याची तरतूद नाही.

ब्रिटनच्या मूल्यवर्धित करात याच प्रश्नाची मांडणी वेगळी आहे. तेथेही सहा महिन्यांत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला वजावट परत करावी लागते. पण मुदत पुरवठ्याची तारीख किंवा पैसे देण्याची ठरलेली तारीख यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून मोजली जाते, म्हणजे परस्परांत ठरलेल्या उधारीचा मान राखला जातो. आणि खरेदीदाराकडून वजावट परत घेतली जाते, त्याचबरोबर विक्रेत्यालाही बुडीत रकमेवरील कर परत मागता येतो. भारतीय तरतुदीने यातील केवळ पहिला भाग स्वीकारला.

लहान पुरवठादाराला थकबाकीपासून संरक्षण देण्याचे काम येथे अन्य कायद्यांकडे आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) खाली, आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, त्या मुदतीनंतर दिलेल्या रकमेची वजावट ती प्रत्यक्ष दिलेल्या वर्षातच मिळते. ही तरतूद उत्पादक व सेवा देणाऱ्या उद्योगांसाठी आहे. उदाहरणातील घाऊक विक्रेता केवळ व्यापारी असल्याने त्याला तिचा लाभ मिळत नाही. त्याच्या वसुलीला हातभार लावणारी गोष्ट म्हणजे दुकानदाराला डिसेंबरअखेर आठवणारे ते १८० दिवसच.